तुम्ही विचारलंत म्हणून: 'हैया हो' नेमकं कधी म्हणायचं?

'वल्हवण्याचं कोळीगीत बसवतोय. "हैया हो" वल्हं ओढताना म्हणायचं की ओढून झाल्यावर? आणि पुढे जाळं ओढायचा प्रसंग आहे, तिथेही तेच चालेल का?'

ओढताना. 'है' तोंडातून निघतो त्याच क्षणी वल्ह्याचं पातं पाण्यात शिरलेलं हवं. जाळ्याला मात्र ही लय चालणार नाही. तिथे हाक तशीच राहिली तरी तिची वेळ साफ बदलते.

आधी वल्ह्याचं बघू. होडीत वल्हवणारे आडव्या फळीवर नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, पाठ करून बसतात. त्यांची तोंडं मागे, सुकाणूवरच्या तांडेलाकडे असतात. हात पुढे, अंग वाकलेलं, पातं हवेत. मग पातं पाण्यात बुडवायचं, पाय टेकवून अंग मागे टाकायचं, छातीपाशी मूठ आली की पातं वर काढायचं आणि पुन्हा पुढे वाकायचं. म्हणजे एका फेरीचे दोन भाग: ओढ आणि परत. ओढताना माणूस श्वास सोडतो, परत जाताना घेतो. म्हणून ओढीवर त्याच्या तोंडून 'हैया हो' एवढंच निघतं, आणि परतीच्या वेळी तो गप्प असतो. ही गप्प जागा भरतो तांडेल. त्याच्या हातात वल्हं नाही, दम शाबूत आहे, त्यामुळे शब्द त्याच्याकडे आणि हाक बाकीच्यांकडे. पाच-सहा जण वल्ही मारत अख्खं कडवं एका सुरात म्हणतात, हे फक्त स्टेजवर होतं. होडीत दोन मिनिटांत धाप लागेल.

आता ताल. कोळीगीताचा झोल दादऱ्याच्या सहा मात्रांचा, लांब-आखूड, लांब-आखूड असा. एक ओळ घेऊन बघा, ही नमुन्यापुरती रचली आहे: 'घरच्या दारी, पेटला दिवा'. पहिल्या सहा मात्रांत ओढ: 'है' दोन मात्रा, 'या' एक, 'हो' तीन. 'हो' संपता संपता पातं पाण्याबाहेर. पुढच्या सहा मात्रांत परत, आणि तेवढ्यात तांडेलाचं 'घरच्या दारी': 'घर' दोन, 'च्या' एक, 'दा' दोन, 'री' एक. पुन्हा ओढ, पुन्हा 'हैया हो'. मग 'पेटला दिवा'. एवढे छोटे तुकडे का, तर परतीला तेवढाच वेळ मिळतो. अख्खी ओळ एका परतीत कोंबायला गेलात तर शब्द ओढीवर सांडतात आणि हाक त्यांच्याखाली दबते.

म्हणजे एका वल्ह्याला दादऱ्याची दोन आवर्तनं लागतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. ढोलकीवर नाचायच्या वेगात मिनिटाला 54 आवर्तनं वाजतायत असं धरा. नाचणारे दर समेला वल्हं फिरवतात, म्हणजे मिनिटाला 54 वल्ही. शर्यतीच्या हलक्या बोटीत कसलेले खेळाडूसुद्धा साधारण 36 ते 40 पर्यंत जातात. लाकडी होडीत, जाळ्याच्या ओझ्यासकट, 54 हा विनोद आहे. दोन आवर्तनांना एक वल्हं धरलं की 27 होतात, आणि ते पटतं. होडी भरलेली असेल तर 20-22 वर या. ढोलकीवाल्याला हळू वाजवायला सांगू नका, तो ऐकणारही नाही. फक्त वल्हं निम्म्याने फिरवा. लगेच अंगाला वजन आल्यासारखं दिसतं.

एक गोष्ट रेकॉर्डिंगवरून कळत नाही. 'हो' ची लांबी ठरलेली नसते. लाटेच्या घळीवर पातं टाकलं तर ते हवेतच फिरतं आणि ओढणारा पाठीवर पडतो. उलट पातं वेळेत बाहेर आलं नाही तर पाणी ते धरून ठेवतं आणि मूठ सरळ बरगड्यांत बसते. मूठ फळीवर आदळल्याचा आवाज आला की तांडेल समजतो काय झालं ते. म्हणून लाट उंच असली की तो आपला शेवटचा स्वर लांबवतो, पाणी पात्याखाली येऊ देतो, आणि मगच 'है' ला जागा करून देतो. ऐकणाऱ्याला ती आलापी वाटते. तो खरं तर पाण्यासाठी थांबलेला असतो. समोरून वारा असेल तर त्याचा आवाज मागेच उडून जातो, नाळेवरच्या माणसापर्यंत पोचत नाही. मग नाळेवरचा माणूस समोरच्या पाठी बघून वल्हं टाकतो; फक्त तांडेलाजवळच्या जोडीला गाणं ऐकू आलं तरी भागतं.

आता जाळं. डोल जाळं खुंटांना बांधलेलं असतं, ओढीच्या पाण्यात तोंड उघडून उभं राहतं, आणि प्रवाह मंदावला की वर घेतात. भरती-ओहोटीची पालट सुमारे सव्वासहा तासांनी येते, म्हणून या कामाला घाई असते: प्रवाह पुन्हा जोर धरायच्या आत जाळं होडीत यायला हवं. पण घाई असली तरी ओढ भरभर करता येत नाही, कारण इथे मालक लाट असते. होडीचा काठ खाली झुकतो तेव्हा जाळं सैल पडतं. 'हैया हो' तेव्हा! सगळे मिळून सैल आलेलं आत घेतात आणि काठावर गुडघ्याने दाबून धरतात. काठ वर चढताना कुणी ओढायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. होडीच जाळं उचलते. काठ चढताना ओढलं तर माणूस अख्ख्या जाळ्याशी आणि होडीच्या वजनाशी भांडतो. तळवे सोलतात, नाहीतर दोर सुटून आधीचं कमावलेलं सगळं पाण्यात जातं.

लांब लाट सहा ते आठ सेकंदांनी येत असेल तर हाकही तेवढ्यानेच येणार. वल्हवताना ती सव्वादोन सेकंदांना येत होती. मधल्या वेळात शब्दांना भरपूर जागा मिळते, म्हणून इथे ओळ लांब होते, तांडेल कुणाची तरी थट्टा करतो, आणि ताल जवळजवळ राहतच नाही. ढोलकी इथे बंद करा. राहू द्यायची असेल तर फक्त हाकेवर एक थाप.

रापण ओढायची असेल तर लाटेचा हिशेब तितका लागत नाही. ओढणारे किनाऱ्यावर, दोन टोकांच्या दोरांवर, वाळूत टाचा रोवून मागे मागे जातात. तिथे हाक पावलाची असते: हाकेवर अंग मागे, मग पाऊल. दोन्ही दोर सारखे यायला हवेत, नाहीतर जाळं तिरकं होऊन मासळी एका बाजूने निसटते. म्हणून एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतकी मोठी हवी.

तालमीला वल्ह्याऐवजी बांबू घ्या, टोकाला पाण्याने निम्मी भरलेली बाटली बांधा, आणि दहा मिनिटं न थांबता ओढा. कुणाच्या तोंडून शब्द ओढीवर येतायत ते तिसऱ्या मिनिटापासून ऐकू येईल.