नवीन ग्राफिक्स कार्ड लावलं आणि गेम आधीपेक्षा रखडू लागला

कार्ड बसवायच्या आधी माझा गेम प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालायचा. प्रोसेसर इंटेलचा आय५-१०४००, त्यातलं ग्राफिक्स यूएचडी ६३०. १०८० पिक्सेलवर सगळी सेटिंग्ज अगदी खाली आणली की सेकंदाला जेमतेम २२ फ्रेम मिळायच्या. खेळता यायचं, पण गवत नाही, सावल्या नाहीत, लांबचे डोंगर चिखलाच्या गोळ्यांसारखे. म्हणून आरटीएक्स ३०६० घेतलं. खोक्याची बाजू उघडली, कार्ड स्लॉटमध्ये खट आवाज येईपर्यंत दाबलं, पॉवर सप्लायची ८ पिनची वायर जोडली, स्क्रू आवळले. मग मागे हात घालून सगळ्या केबल आधी जिथे होत्या तिथेच परत लावल्या. चूक इथेच झाली होती, पण ती लक्षात यायला दोन संध्याकाळी गेल्या.

विंडोज नीट सुरू झालं. ड्रायव्हर टाकला, तोही कुरकुर न करता बसला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव दिसत होतं आणि शेजारी पिवळं चिन्ह नव्हतं. उत्साहाने गेम उघडला, सगळी सेटिंग्ज हाय केली, आणि पडद्यावर ७ फ्रेम. माउस हलवला की अर्ध्या सेकंदाने दृश्य सरकायचं.

मला कार्डाचाच संशय आला. ड्रायव्हर पूर्ण पुसून पुन्हा टाकला. कार्ड काढून परत बसवलं. पॉवर प्लॅन बदलला. कार्डाचे पंखे फिरत नव्हते, पण त्याची काळजी वाटली नाही, कारण हल्लीची बरीच कार्डं थंड असताना पंखे बंदच ठेवतात. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. जड गेम १५ मिनिटं चालू असताना कार्ड थंड कसं राहील?

दुसऱ्या संध्याकाळी मित्राला फोन केला. लक्षणं ऐकून त्याने आधी एकच विचारलं, "जुन्याच सेटिंग्जवर चालवून पाहिलास का?"

पाहिलं नव्हतं. फोन चालू ठेवून सेटिंग्ज पुन्हा खाली आणली. आकडा आला २२. अगदी पूर्वीचाच.

"मग आत्ता चित्र कोण काढतंय?" तो म्हणाला. या प्रश्नाने सगळं उलगडलं. कार्ड खराब असतं तर गेम बंद पडला असता, चित्रात रेघा आल्या असत्या, निदान आकडा तरी वेगळा आला असता. तोच आकडा येतो याचा अर्थ काम अजून प्रोसेसरमधली ग्राफिक्सची चिपच करतेय. ७ फ्रेम दिसल्या त्या मी तिच्यावर हायचं ओझं टाकलं म्हणून.

त्याने टास्क मॅनेजरचा Performance भाग उघडायला सांगितलं. डाव्या बाजूला दोन नोंदी होत्या. GPU 0, म्हणजे इंटेलचं ग्राफिक्स, ९९ टक्क्यांवर अडकलेलं. GPU 1, म्हणजे नवं कार्ड, १ टक्क्यावर. एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडलं तर तिथे सरळ लिहून आलं: `You are not currently using a display attached to an NVIDIA GPU.` विंडोजच्या Advanced display पानावरही मॉनिटरच्या नावाखाली `Intel(R) UHD Graphics 630` हेच नाव होतं. तिन्ही ठिकाणी उत्तर आधीपासून हजर होतं, मी तिथे पाहिलंच नव्हतं.

"आता खोक्याच्या मागे बघ," मित्र म्हणाला, "एचडीएमआयची केबल यूएसबीच्या शेजारी आहे की खाली आडव्या पट्टीत?"

टॉर्च घेऊन वाकलो. केबल वरच्या बाजूला होती, यूएसबी, लॅन आणि स्पीकरच्या भोकांच्या घोळक्यात. ती सगळी मदरबोर्डची पोर्टं. कार्डाची पोर्टं त्यांच्या खाली, स्लॉटच्या आडव्या पट्टीवर एका ओळीत असतात. माझ्या कार्डावर ती काळ्या प्लास्टिकच्या टोपणांनी झाकलेली होती, त्यामुळे अंधारात हाताला ती पोर्टं वाटलीच नाहीत. टोपण काढलं, केबल खाली लावली, संगणक पुन्हा चालू केला. हाय सेटिंग्जवर ८२ फ्रेम, आणि काही मिनिटांत कार्डाच्या पंख्यांचा आवाज.

यामागचं कारण समजलं तेव्हा चैन पडलं. मॉनिटर ज्या चिपला जोडलेला असतो ती विंडोजच्या यादीत पहिली येते, आणि बरेच गेम फार चौकशी न करता यादीतली पहिलीच उचलतात. विंडोजमध्ये System, Display, Graphics या वाटेने जाऊन एखाद्या गेमला High performance ठरवून देता येतं. तेही मी मुद्दाम करून पाहिलं. केबल परत मदरबोर्डला लावली आणि गेमला कार्ड वापरायला सांगितलं. ७० फ्रेम मिळाल्या, आणि या वेळी टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही चिपा कामाला लागलेल्या दिसल्या. कार्ड चित्र काढतं, मग ते तयार चित्र रॅममध्ये पाठवलं जातं आणि तिथून इंटेलची चिप ते पडद्यावर नेते. या फेऱ्यात माझ्या १२ फ्रेम गेल्या. केबल थेट कार्डाला असली की हा वळसाच उरत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. केबल कार्डाला लावल्यापासून संगणक सुरू होताना पडदा काळाच राहायचा, थेट विंडोजचं लॉगिनच दिसायचं. बऱ्याच मदरबोर्डांवर कार्ड सापडलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. मग वरच्या पोर्टातून चित्रच येत नाही आणि केबलची चूक पहिल्याच मिनिटाला कळते. (प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, जसं १०४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं, म्हणून तिथेही असंच होतं.) माझ्याकडे ते बंद झालं नाही, कारण पूर्वी कधीतरी बायोसमध्ये Primary Display हा पर्याय मीच IGFX वर, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर, ठेवला होता. बायोसचं चित्र त्यामुळे वरच्याच पोर्टातून येत होतं. म्हणून ते बदलण्यासाठी केबल एकदा वर लावावी लागली. पर्याय PEG वर नेला, म्हणजे आधी स्लॉटमधलं कार्ड, सेव्ह केलं आणि केबल खाली आणली. आता सुरुवातीचा लोगोही दिसतो.

केबल हलवल्यावर विंडोजने माझा १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर नेऊन ठेवला होता. Advanced display मध्येच तो पुन्हा १४४ केला. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मात्र बायोसमध्ये चालूच ठेवलंय. उद्या कार्ड काढून दुरुस्तीला द्यावं लागलं, तर केबल वरच्या पोर्टात लावून संगणक वापरता येईल.