आमची वाटचाल: दहा पोती दाणे आणि चार बॅचेस

सोलापुरी शेंगा चटणीचं आमचं छोटं युनिट आहे. सुरुवातीला बॅच नंबर म्हणून पाकिटावर पॅकिंगची तारीखच छापायचो, आणि माल गावातल्या दुकानांपुरता होता तोवर ते चाललं. पुण्या-मुंबईचे वितरक जोडले गेले तेव्हा दाण्याच्या प्रत्येक खरेदीला लॉट नंबर दिला. रोज कोणत्या लॉटचं पोतं फोडलं, ते भट्टीच्या वहीत लिहायचं ठरलं. कामगारांना हा नसता ताप वाटायचा.

मग एका लॉटच्या चटणीचा प्रयोगशाळेचा अहवाल आला: अफ्लाटॉक्सिन किलोमागे २२ मायक्रोग्रॅम. थेट खायच्या मालाला मर्यादा १०. माल तोवर बाहेर पडला होता. बुरशीचं हे विष भाजून पूर्ण जात नाही, आणि पोत्यात सगळीकडे सारखंही नसतं, मोजक्या दाण्यांतच साठतं. त्यामुळे दुसरं पाकीट तपासून चांगलं निघालं तरी बॅच सुटत नाही.

वही काढली. दहा पोती, ५०० किलो दाणे. भाजून, सालं काढून, निवडून ४४० किलो उरले. तिखट, लसूण, मीठ धरून चटणी ५५० किलो. तीन बॅचेसमध्ये २०० ग्रॅमची पाकिटं भरली २,७२०, म्हणजे ५४४ किलो. राहिलेली सहा किलो दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळली होती. म्हणजे चौथी बॅचही परत! भावाला ते पटेना, "सहा किलोंपायी अख्खी बॅच?" पण ते सहा किलो कोणत्या पाकिटात गेले, हे कोण सांगणार?

परत मागवायला सुरुवात केली की २४ तासांत एफएसएसएआयला कळवावं लागतं. ते केलं. आमच्या चलनावर बॅच लिहिलेली असते, म्हणून वितरकांच्या गोदामातला माल फोनवरच थांबला. खरी अडचण त्यापुढे आली. वितरक दुकानदाराला बिल देतो त्यावर बॅच नसते. आधी आलेला माल आधी काढतात असं धरून तारखा लावाव्यात, तर गोदामात नवे बॉक्स जुन्यांच्या पुढे रचलेले. शेवटी माल गोदामात आला त्या दिवसापासून तो थांबवला तोवर ज्यांना ज्यांना आमची चटणी गेली, त्या सगळ्या दुकानांची यादी काढली आणि सेल्समन फळीवरच्या पाकिटांवरचे नंबर वाचत फिरले. रोखीनं, बिलाशिवाय नेलेला माल हाती लागलाच नाही.

परत आलेली चटणी पेंडीसारखी गुरांना घालायला एकानं मागितली. दिली नाही, कारण हे विष गाईच्या दुधात उतरतं. पाकिटं मोजून, फाडून जाळायला पाठवली.

आता उरलेली चटणी पुढच्या लॉटमध्ये जात नाही. बाजूला काढून तिची नोंद करतो आणि टाकून देतो. दोन वितरकांनी बिलात बॅचचा रकाना घातलाय. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.