दिवाणावरून दिसणारा टीव्ही

आमचा जुना 32 इंची टीव्ही सांगलीतल्या 2019 च्या पुरानंतर घेतलेला. त्या वेळी घरात एवढ्या वस्तू नव्याने घ्यायच्या होत्या की टीव्ही बघून नाही, मिळेल तो उचलला होता. गेल्या दिवाळीच्या आधी त्याच्या पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्या आणि अप्पा म्हणाले, "फलंदाज कुठला आणि रेघ कुठली, कळंना झालंय." या वेळी मात्र नीट बघून घ्यायचं ठरवलं.

सुरुवात दुकानापासून न करता घरातल्या टेपपासून केली. आमचा हॉल अकरा फूट रुंद. सोफ्यावर बसलं की डोळ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत नऊ फूट. पण टीव्ही सगळ्यात जास्त बघतात ते अप्पा, आणि ते सोफ्यावर बसत नाहीत. त्यांचा दिवाण बाजूच्या भिंतीला लागून आहे. उशीवर डोकं ठेवलं की ते टीव्हीच्या भिंतीपासून सहा फूट लांब आणि टीव्हीच्या मध्यापासून पाच फूट बाजूला असतात, म्हणजे साधारण 40 अंशांचा कोन. पडद्याच्या पलीकडच्या कडेकडे बघताना तर 50 च्या आसपास. हा आकडा मी डायरीत लिहिला तेव्हा बायको हसली होती. शेवटी सगळा व्यवहार त्याच आकड्यावर ठरला.

आकाराचा निकाल रद्दीने लावला. 55 इंची टीव्हीचा पडदा 122 सेंटीमीटर रुंद आणि 68 ते 69 उंच असतो. 43 इंचीचा 95 बाय साडेत्रेपन्न. दोन्ही मापांचे कागद वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर चिकटवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. इंचात फरक बाराचा दिसतो, पण क्षेत्रफळात 55 वाला दीडपटीहून मोठा आहे. नऊ फुटांवरून 43 चा कागद पोस्टकार्डासारखा वाटायला लागला. शिवाय इतक्या लांबून 43 इंचांवर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला कळतच नाही. 55 ठरला.

पहिलं दुकान विश्रामबागेकडचं, मोठं. आत शिरलं की सगळ्या टीव्हींवर मोर, सोनेरी मासे आणि कापलेली कलिंगडं. ही चित्रफीत दुकानासाठीच बनवलेली असते आणि टीव्ही दुकानाच्या भडक मोडवर असतो, त्यामुळे तिथे उभं राहून काहीच ठरवता येत नाही. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात चारच गोष्टी होत्या: एक पूर्ण काळं चित्र, एक मध्यम करड्या रंगाचं चित्र, क्रिकेटच्या मैदानावरून कॅमेरा फिरतानाची अर्ध्या मिनिटाची फीत, आणि गणपती मंदिरासमोर काढलेला आमच्या घरच्यांचा फोटो. विकणाऱ्या मुलाला म्हटलं, "भावा, मोड स्टँडर्डवर घे आणि हे लाव." त्याला आवडलं नाही, पण लावलं.

त्याने दोन टीव्ही पुढे केले होते. साधा एलईडी 37,000 ला आणि "क्यूएलईडी, 120 हर्ट्झ" 47,500 ला. साध्यावर 40,000 चं लेबल होतं आणि वर मोठ्या अक्षरात 'दिवाळी ऑफर, 3,000 सूट'. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. 40,000 ला 128 ने भागून 118 ने गुणलं की 36,875 येतात. म्हणजे सरकारने कमी केलेला कर दुकानदार मला ओवाळणी म्हणून देत होता. मी तसं म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "बघा की सर, सगळीकडं असंच हाय."

आता वरच्या साडेदहा हजारांत काय मिळत होतं ते बघा. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीसारखं ऐकू येतं, पण आत तोच एलसीडी पॅनेल आणि मागून तोच एलईडीचा प्रकाश असतो. मध्ये क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो, त्याने रंगांचा पल्ला वाढतो. थर खोटा नाही, पण तो जास्तीचा पल्ला एचडीआर चित्रालाच लागतो, म्हणजे जास्त उजेड आणि जास्त रंग धरून बनवलेल्या चित्राला. आमच्या डीटीएचवरच्या बातम्या, मालिका, मॅच हे सगळं जुन्या, लहान पल्ल्यात बनलेलं असतं. काळा किती काळा दिसेल आणि बाजूने चित्र कसं दिसेल, यात त्या थराने काही बदलत नाही. एचडीआर म्हणाल तर तो सिग्नल स्वीकारणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. साधारण 300 निट्सचा उजेड आणि बॅकलाइट भागाभागाने मंद करायची सोय नाही, अशा टीव्हीवर खोक्यावरचा एचडीआरचा शिक्का हा शिक्काच राहतो.

राहिले 120 हर्ट्झ, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला 120 वेळा नव्याने रंगवणं. माझा भाचा सोबत होता, त्याच्याकडे गेमिंगचा लॅपटॉप. तो म्हणाला, "मामा, लावूनच बघू की." एचडीएमआय केबल लावली, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये Advanced display उघडलं. फोर-के असताना यादीत सगळ्यात वर 60. रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वर आणलं की लगेच 120 दिसायला लागले. भाच्याने सांगितलं की ही डीएलजीची युक्ती आहे. पॅनेल 60 चाच असतो. त्याला दोन ओळी एकदम रंगवायला लावतात, म्हणजे वेग दुप्पट होतो आणि उभा तपशील निम्मा. ही चाचणी करताना लॅपटॉपचं पोर्ट आणि केबल फोर-के 120 झेपणारी हवीत, नाहीतर खऱ्या 120 च्या टीव्हीवरही 60 च दिसतील आणि आपण उगाच भांडत बसू. लॅपटॉप नसेल तर माहितीपत्रकाची बारीक अक्षरं वाचा. तिथे रिफ्रेश रेट 60 आणि शेजारी 'मोशन' नावाचा काहीतरी 120 असा जोड दिसला, तर खरा आकडा पहिला.

आणि मॅचसाठी खरे 120 तरी किती उपयोगाचे? डीटीएच बॉक्समधून सेकंदाला 50 चित्रं येतात, तेवढी 60 चा टीव्ही दाखवतो. खरा 120 चा पॅनेल मधली चित्रं स्वतः बनवून भरतो, त्याने चेंडूचा धूसरपणा थोडा कमी होतो. सिनेमा 24 चित्रांचा असतो. 120 ला 24 ने पूर्ण भाग जातो, 60 ला जात नाही, म्हणून 60 वर कॅमेरा सावकाश फिरताना किंचित हिसका दिसतो. हे फायदे खरे आहेत. त्याच दुकानात खरा 144 हर्ट्झचा मिनी एलईडी 68,000 ला होता आणि लॅपटॉपने त्यावर फोर-केला 144 दाखवलेही. भाच्याचा जीव अडकला. पण घरात गेम खेळणारं कोणी नाही, आणि अप्पांना हिसका दाखवूनही दिसला नसता.

मग 37,000 चा साधा घ्यायला काय हरकत? मीही तेच ठरवून पाकिटाला हात घातला होता. तेवढ्यात डायरीतला आकडा आठवला. घरचा फोटो लावला आणि टीव्हीपासून सहा फूट मागे, पाच फूट बाजूला जाऊन उभा राहिलो. समोरून झकास दिसणारी आईची हिरवी पैठणी विटकी दिसत होती आणि सगळ्यांचे चेहरे पावडर फासल्यासारखे. हा व्हीए पॅनेल. समोरून याचा काळा रंग सुरेख, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या किती पट ते, 3,000 ते 5,000 ला एक असा, पण बाजूला सरकलं की रंग उडतात. दुसरा प्रकार आयपीएस (पोलिसांतला नव्हे). त्याचा कॉन्ट्रास्ट हजाराला एकच्या आसपास, अंधारात काळा करडा दिसतो, पण बाजूने रंग टिकतात. यूट्यूबवर जो तो व्हीए घ्या म्हणून सांगतो, आणि समोर बसून अंधारात सिनेमे बघणाऱ्याला ते बरोबरच आहे. आमच्याकडे टीव्ही दिवसा खिडकी उघडी ठेवून नाहीतर रात्री ट्यूबलाइटखाली चालतो. उजेडात पडद्यावर बाहेरचा प्रकाश पडतोच, त्यात व्हीएच्या गडद काळ्याचा फायदा बराचसा विरघळतो. बाजूचा तोटा मात्र चोवीस तास राहतो.

माहितीपत्रकावर पॅनेलचा प्रकार बहुधा छापलेला नसतो, आणि एकाच मॉडेलच्या 43 मध्ये एक व 55 मध्ये दुसरा असंही होतं. त्यामुळे जो आकार घ्यायचा तोच लावून बघावा लागतो. मिरज रस्त्यावरच्या लहान दुकानात दुसऱ्या कंपनीचा 55 इंची, 60 हर्ट्झचा टीव्ही होता. तीच चाल केली: फोटो लावला, बाजूला गेलो. पैठणी हिरवीच राहिली. मग काळं चित्र लावून दुकानदाराला म्हटलं, "काका, जरा लाइट घालवता का?" पडदा राखाडी निळसर उजळला. आयपीएसच. किंमत 38,500. म्हणजे व्हीएपेक्षा दीड हजार जास्त आणि त्या क्यूएलईडीपेक्षा नऊ हजार कमी.

टेम्पोतून आलेला पहिला नग मात्र परत गेला. बसवायला आलेल्या माणसाने सही मागितली, मी आधी करडं चित्र लावलं. डाव्या बाजूला तळहाताएवढा मळकट डाग. काळ्या चित्रावर तो दिसत नव्हता. मैदानाची फीत लावल्यावर हिरवळीवरून कॅमेरा फिरला की डाग जागच्या जागी आणि हिरवळ त्याच्या खालून सरकताना स्पष्ट दिसली. तो म्हणाला, "एवढं चालतंय, वापरून जाईल." असा डाग वापरून जात नसतो. सही न केल्यामुळे चार दिवसांत दुसरा नग आला, तो स्वच्छ निघाला.

रात्री सगळे दिवे घालवून सिनेमा लावला की वरखालच्या काळ्या पट्ट्या करड्या दिसतात, ते खरं आहे. टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून झिरोचा दिवा लावलाय, त्याने डोळ्याला ते कमी जाणवतं. अप्पांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांची तक्रार एकच, रिमोटवर नको ती बटणं फार आहेत.