‘निकाल तयार करा’ एवढंच सांगितलं होतं

वर्गाच्या गुणांची स्प्रेडशीट फाइल आली तेव्हा सोबत एवढंच वाक्य होतं. ४२ विद्यार्थी, पाच विषय, प्रत्येकी १०० गुण. गुणानुक्रम कसा लावायचा, श्रेणी कुठे बदलते, गैरहजर मुलांचं काय करायचं, यातलं काहीच नाही. मी मूळ शीट तसंच ठेवून त्याची प्रत काढली आणि सूत्रं लिहायच्या आधी नुसती मोजणी केली. ४२ गुणिले ५ म्हणजे २१० घरं. `COUNTA` ने भरलेली घरं २०९ दाखवली, `COUNT` ने आकडे असलेली २०३. म्हणजे एक घर रिकामं आणि सहा घरांत आकडा नाही, मजकूर आहे.

त्या सहांपैकी चार घरांत गैरहजेरीचं `AB` होतं. उरलेल्या दोन घरांत गुणच होते, पण आकड्यामागे एक मोकळी जागा पडली होती. एरवी असा मजकूर घराच्या डाव्या कडेला सरकतो आणि ओळखू येतो. इथे कुणीतरी सगळं शीट मध्यावर आणून देखणं केलं होतं, त्यामुळे डोळ्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. `SUM` अशा घराला मुकाट्याने वगळतं. हजेरी क्रमांक ८ च्या मुलीचे ९१ गुण त्यामुळे बेरजेत आलेच नव्हते. ४३१ ऐवजी ३४० दिसत होते. वर्गात वरच्या पाचांत असणारी मुलगी मध्येच कुठेतरी हरवली असती.

रिकामं घर मात्र माझ्या अखत्यारीतलं नव्हतं. तिथे शून्य आहे, गैरहजेरी आहे की गुण भरायचे राहिलेत, हे विषयशिक्षकच सांगणार. विचारलं, तर ६४ गुण भरायचे राहिले होते.

गैरहजेरीचा प्रश्न जास्त नाजूक. हजेरी क्रमांक १७ चे गुण ८२, ७६, `AB`, ८८, ७९. `AVERAGE` लावलं की ८१.२५ येतात, कारण ते चारच विषयांनी भागतं. ५०० पैकी धरले तर ३२५, म्हणजे ६५ टक्के. एकाच मुलाच्या दोन श्रेणी! त्याहून वाईट म्हणजे ‘३५ पेक्षा कमी किती विषय’ असं मोजणारं सूत्र त्याला उत्तीर्ण ठरवतं, कारण `AB` काही ३५ पेक्षा कमी नसतं. म्हणून मी उलटं मोजलं: ३५ किंवा त्याहून जास्त गुणांचे विषय बरोबर पाच आहेत का.

```
=IF(COUNTIF(C2:G2,">=35")=5,"उत्तीर्ण","राखीव/अनुत्तीर्ण")
```

मग क्रम. एका मुलाची बेरीज ३६२ होती, पण गणितात ३१. नुसत्या बेरजेवर क्रम लावला तर तो नववा येतो आणि त्याच्या खालची उत्तीर्ण मुलं एकेक पायरी खाली जातात. मी क्रम फक्त उत्तीर्णांमध्ये लावला; H स्तंभात बेरीज आहे आणि J मध्ये वरच्या सूत्राचा निकाल:

```
=IF(J2="उत्तीर्ण",COUNTIFS($J$2:$J$43,"उत्तीर्ण",$H$2:$H$43,">"&H2)+1,"—")
```

४३१ गुणांची दोन मुलं निघाली. या सूत्राने दोघंही तिसरी आणि पुढचं मूल पाचवं. काही ठिकाणी पुढच्याला चौथा देतात. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली वापरली ते लिहायला हवं, नाहीतर चौथा क्रमांक कुठे गेला म्हणून पालक विचारणारच.

श्रेणीच्या सीमा मी मागच्या सत्राच्या निकालपत्रातून घेतल्या. स्वतः ठरवायची ती गोष्ट नव्हे. तिथे गोंधळ वेगळाच. २९९ गुण म्हणजे ५९.८ टक्के, पण घरात दशांश न दाखवल्याने छापताना ६० दिसत होतं आणि शेजारी खालची श्रेणी. सूत्र बरोबर होतं, कागद खोटं बोलत होता. मी टक्केवारी एक दशांशापर्यंत दाखवली. पूर्णांकात करून श्रेणी वाढवायची का, हा प्रश्न मुख्याध्यापकांकडे पाठवला.

वर्गाच्या गोषवाऱ्यात विषयवार सरासरी, प्रत्येक श्रेणीतली संख्या वगैरे पटकन झालं. अडलं ते उत्तीर्णांच्या टक्केवारीपाशी. उत्तीर्ण ३३. पटावरच्या ४२ ने भागलं तर ७८.६ टक्के, सगळे पेपर दिलेल्या ३९ ने भागलं तर ८४.६. (चार `AB` तीन मुलांचे होते, एकाचे दोन पेपर चुकले होते.) यातला मोठा आकडा एकटाच छापला तर तो हमखास सूचनाफलकावर जातो, म्हणून दोन्ही लिहिले आणि प्रत्येकापुढे भाजक दिला.

शेवटी गोषवाऱ्याच्या वर चार ओळी टाकल्या: दुरुस्त केलेली दोन घरं, शिक्षकांकडून आलेले ६४ गुण, क्रम लावण्याची पद्धत आणि गैरहजर तिघांचा निकाल राखीव ठेवल्याचं. मुख्याध्यापकांनी त्यातली एकच गोष्ट बदलली: समान गुणांनंतरच्या मुलाला चौथा क्रमांक.