साइन २१ अंश, सहा दशांश स्थळांपर्यंत: शेष पदाचा हिशेब

जळगावचा अक्षांश सुमारे २१ अंश. दिवसाच्या कुठल्याही वेळी सूर्य किती उंच असेल याच्या नेहमीच्या सूत्रात अक्षांशाचा साइन लागतो. म्हणून sin 21° ची किंमत टेलर बहुपदीने काढायला घेतली. अट एकच ठेवली: चूक ०.००००००५ च्या आत हवी, आणि ती आत आहे हे कॅल्क्युलेटर न बघता आधीच सांगता आलं पाहिजे.

सुरुवात रेडियनपासून. टेलरच्या पदांमध्ये अंश चालत नाहीत, कारण साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतो तो कोन रेडियनमध्ये असतानाच. चुकून x = २१ ठेवलं तर पहिल्या तीन पदांची बेरीज बत्तीस हजारांच्या वर जाते. ही चूक लगेच दिसते, म्हणून तिची भीती नाही. इथे x = ०.३६६५१९१४.

आता किती पदं घ्यायची? लाग्रांजच्या रूपात n घातापर्यंतच्या बहुपदीचं शेष पद असं दिसतं:

```
R_n = f^(n+1)(c) * x^(n+1) / (n+1)!
```

हा c शून्य आणि x यांच्या मध्ये कुठेतरी असतो. नेमका कुठे ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. त्या पट्ट्यात डेरिव्हेटिव्ह जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो एवढं समजलं की पुरे. चिन्ह सोडलं तर साइनचे सगळे डेरिव्हेटिव्ह साइन किंवा कोसाइनच असतात, म्हणून १ ही मर्यादा फुकटात मिळते.

तीन घातापर्यंत थांबलं तर या सूत्राने चूक ०.०००७६ पर्यंत जाऊ शकते, म्हणजे काम भागत नाही. पाच घातापर्यंत गेलो आणि सूत्रात सरळ n = ५ ठेवलं: x चा सहावा घात भागिले ७२०, म्हणजे ०.०००००३४. अटीपेक्षा जवळजवळ सातपट. इथे बहुतेक जण मुकाट्याने सातव्या घाताचं पद जोडतात. पण साइनच्या बहुपदीत सहाव्या घाताचं पद शून्य आहे. म्हणजे पाच घाताची बहुपदी हीच सहा घाताचीही बहुपदी, आणि सूत्रात n = ६ ठेवायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मग मर्यादा होते x चा सातवा घात भागिले ५०४०, म्हणजे ०.००००००१८ पेक्षा कमी. बहुपदी तीच, किंमत तीच, फक्त हमी एकोणीसपट घट्ट झाली.

```
x        =  0.366519143
x^3/6    =  0.008206136
x^5/120  =  0.000055119
P        =  0.358368126
```

खरी किंमत या आकड्याच्या दोन्ही बाजूंना ०.००००००१८ एवढ्याच पट्ट्यात असणार. तो पट्टा ०.३५८३६७९ ते ०.३५८३६८४ यांच्या आतच बसतो, म्हणून सहा स्थळांना ०.३५८३६८ हे उत्तर ठाम. हे वेगळं तपासावं लागतं. चूक अर्ध्या एककाच्या आत असली म्हणून शेवटचा अंक बरोबर येईलच असं नाही, पट्टा नेमका...५ वर पडला तर अंक इकडचा की तिकडचा हे ठरत नाही आणि आणखी एक पद घ्यावंच लागतं.

आता ती चूक, जी दिसत नाही. π साठी ३.१४१६ घेतलं तर x मध्येच ०.००००००८६ चा फरक पडतो. साइनमध्ये तो ०.००००००८० होऊन उतरतो आणि आपली सगळी सूट खाऊन टाकतो. शेष पदाचा हिशेब अगदी बरोबर असूनही उत्तर अटीबाहेर! कारण शेष पद फक्त सोडून दिलेल्या पदांबद्दल बोलतं, चुकीच्या x बद्दल नाही. २२/७ चं तर नावच काढू नका. ३.१४१५९२६५ घेतलं आणि प्रत्येक पद नऊ स्थळांपर्यंत ठेवलं की ही चूक नगण्य राहते.

हीच बहुपदी धुळे, नंदुरबार, भुसावळ यांनाही चालेल का? त्यासाठी एकेक गाव तपासायचं नाही. पट्ट्यातला सर्वांत मोठा x घ्यायचा. सातपुड्याच्या बाजूला खानदेश २२ अंशांच्या जरासा वर जातो, म्हणून २३ धरले. मर्यादा येते ०.००००००३४ च्या आत, म्हणजे सगळा खानदेश एकाच बहुपदीत बसला. २४ अंशांनाही ती जेमतेम टिकते, ०.००००००४५ ला. २५ ला मात्र ०.००००००६० होते, आणि तिथे सातव्या घाताचं पद जोडावंच लागतं.