५,००० तासांचं कार्ड सात महिन्यांत कसं संपतं

माझ्या टूरिस्ट गाडीच्या डॅशकॅममधलं कार्ड सहा-सात महिन्यांत मान टाकायचं. कॅमेरा चालू दिसायचा, पण कार्ड काँप्युटरला लावलं की शेवटची क्लिप कित्येक दिवसांपूर्वीची. डिलीट केलेल्या क्लिप कार्ड काढून पुन्हा घातलं की जागच्या जागी. फॉरमॅटचंही तेच. कार्डातली मेमरी झिजली की बरीच कार्डं नवीन लिहिणं थांबवतात आणि फक्त वाचू देतात. मग हव्या त्या क्लिप उतरवून घ्यायच्या आणि कार्ड फेकायचं, दुसरा इलाज नाही.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, यू-थ्री घ्या, फास्ट असतं." पण वेग वेगळा आणि टिकाऊपणा वेगळा. माझा प्रश्न किती वेळा लिहिता येतं हा होता, म्हणून हिशोब मांडला.

पुढच्या कॅमेऱ्याची तीन मिनिटांची क्लिप ३६० एमबीची, मागच्याची १८०. म्हणजे तासाला साधारण १०.८ जीबी. पार्किंग मोडमध्येही सलग रेकॉर्डिंग चालू असल्याने चोवीस तासांत २५९ जीबी. ६४ जीबीचं कार्ड रोज चार वेळा पुसून पुन्हा भरत होतं, सहा महिन्यांत सातशेहून जास्त वेळा! साधं कार्ड फोटो आणि गाण्यांसाठी बनवलेलं. त्याच्याकडून याहून फार अपेक्षा ठेवता येत नाही. कित्येक साध्या कार्डांच्या वॉरंटीत तर डॅशकॅमचा वापर चक्क वगळलेला असतो.

मग सतत लिहिणं सोसायला बनवलेली 'हाय एन्ड्युरन्स' कार्डं पाहिली. ६४ जीबीच्या एका पाकिटावर ५,००० तास. बारीक अक्षरांत अट: २६ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २६ मेगाबिटने रेकॉर्डिंग केल्यास. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून त्या दराने तासाला ११.७ जीबी होतात, म्हणजे एकूण ५८,५०० जीबी लिहिण्याची हमी. तो आकडा माझ्या २५९ ने भागला तर उत्तर २२६ दिवस. महागडं कार्ड घेऊनही साडेसात महिनेच!

त्याच मालिकेत २५६ जीबीच्या कार्डाला २०,००० तास होते. जागा चौपट, आयुष्यही चौपट, कारण तेवढंच लिखाण चौपट जागेत वाटलं जातं. माझा कॅमेरा २५६ पर्यंत चालतो हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ते घेतलं. शिवाय पार्किंगमध्ये फक्त धक्का लागला तरच रेकॉर्डिंग होईल असं सेटिंग केलं. गाडी दिवसाला दहाएक तास चालते, म्हणजे आता १०८ जीबी. कागदावर सहा वर्षं निघतात. मी त्यातली निम्मी धरतो, कारण उन्हात तापलेल्या काचेची झळ आणि मध्येच तुटणारी वीज या तासांत मोजलेली नसते.

कार्ड नकली नाही ना, हे काँप्युटरवरच्या H2testw या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासलं. आता महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो आणि दुसऱ्या दिवशी ताजी क्लिप उघडून पाहतो.