बिल २ नोव्हेंबरचं, वॉरंटी मात्र सप्टेंबरपासून: माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. रोज दुसऱ्यांचे फोन उघडतो, पण गेल्या दसऱ्यानंतर घरातलाच एक फोन न उघडता नीट करून आणायला जो त्रास झाला, तो सविस्तर लिहून ठेवतो. बिलावरची तारीख आणि कंपनीकडची वॉरंटी जुळत नसेल तर काय करायचं, हा प्रश्न गिऱ्हाईक नेहमी विचारतात आणि दरवेळी काउंटरवर उभं राहून एवढं सांगता येत नाही.

फोन आमच्या दाजींचा. २ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळी पाडव्याला घेतलेला. २०२५ च्या ऑक्टोबरात डिस्प्लेवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली. फोन पडलेला नाही, काच शाबूत, कडेला पोचा नाही, पाण्याचा संबंध नाही. अमोलेड डिस्प्लेत एखाद्या उभ्या ओळीला करंट नेणारा जोड बिघडला की अशी रेघ येते. हा पार्टचा दोष आहे आणि वॉरंटीत बसतो. फक्त कोपऱ्यात केसाएवढा जरी तडा असता, तरी 'फिजिकल डॅमेज' म्हणून विषय तिथंच संपला असता.

दाजी म्हणाले, "तुझं दुकान असताना सर्विस सेंटरला कशाला? तूच टाक की डिस्प्ले." मी हात लावला नाही. बऱ्याच फोनांत आतल्या एका स्क्रूवर कंपनीचा छोटा स्टिकर असतो. मागचं कव्हर काढून तो स्क्रू फिरवला की स्टिकर फाटतो, आणि फोन बाहेर उघडला होता हे सर्विस सेंटरला लगेच कळतं. वॉरंटीचे तीन आठवडे शिल्लक असताना ते करणं म्हणजे फुकट मिळणारा डिस्प्ले घालवणं.

सर्विस सेंटरला फोन दिला, मुलीनं फोनचा आयएमईआय नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, वॉरंटी २० सप्टेंबरलाच संपलीय. साडेआठ हजारांचं एस्टिमेट देऊ का?"

बिल पुढं केलं. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर आयएमईआय, तारीख २ नोव्हेंबर. म्हणजे वॉरंटी १ नोव्हेंबरपर्यंत. उत्तर एकच: "आम्ही सिस्टिमवर चालतो."

गोम अशी होती. फोन पहिल्यांदा सुरू होऊन नेटला लागला की कंपनीकडं त्याची ॲक्टिव्हेशनची तारीख नोंदली जाते. काही दुकानदार महिन्याचं टार्गेट भरायला डबा आधीच उघडून फोन ॲक्टिव्हेट करून ठेवतात आणि नंतर विकतात. दाजींचा फोन २१ सप्टेंबर २०२४ ला असाच चालू झालेला. जवळपास दीड महिन्याची वॉरंटी त्यांनी हातात घ्यायच्या आधीच खर्ची पडली होती.

आता खरी अडवणूक सुरू झाली. सर्विस सेंटर म्हणतं, तारीख बदलायचा अधिकार कंपनीला. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणतात, बिल घेऊन सर्विस सेंटरला जा, तेच अपलोड करतात. परत गेलो तर काउंटरवर वेगळा माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा. मॅनेजरला भेटायचं म्हटलं तर ते जेवायला गेलेले. मध्येच कंपनीचा मेसेज आला की तुमची तक्रार निवारण झाली आहे. कसलं निवारण? माझ्याशी कुणी बोललंसुद्धा नव्हतं. संताप आला तो याचा की बिलावर कुणाचा आक्षेपच नव्हता. बिल खरं आहे हे सगळे मान्य करत होते, पण ते कीबोर्डवर उतरवायला कुणी तयार नव्हतं. आणि इकडं १ नोव्हेंबर जवळ येत होता.

त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जॉबशीट, म्हणजे फोन जमा करताना सर्विस सेंटर देतं तो कागद. ते आउट ऑफ वॉरंटीचं जॉबशीट बनवायला तयार होते, मी सही केली नाही. 'ग्राहकाचं बिल २ नोव्हेंबर २०२४ चं आहे, वॉरंटीच्या तारखेबद्दल वाद आहे' हा शेरा लिहूनच जॉबशीट घेतलं. बिलाची मुदत संपायच्या आत तक्रार दिली होती, हे दाखवणारा तोच कागद. सर्विस सेंटर असा शेरा देत नसेल तर तिथंच उभं राहून कंपनीला ईमेल करा, म्हणजे तारीख नोंदली जाते. फोनवर बोललेलं धरू नका.

ईमेलला मी हे जोडलं: बिलाचा फोटो, ज्यात दुकानाचा जीएसटी नंबर वाचता येतो; डब्यावरच्या स्टिकरचा फोटो; `*#06#` डायल केल्यावर दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो; आणि फोनच्या चारही कडांचे फोटो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात आणि आमच्या बिलावर पहिलाच होता. दोन्ही नंबर एकाच फोनचे आहेत हे डब्याच्या स्टिकरवरून सिद्ध होतं, म्हणून डबा टाकू नका. मग कंपनीनं दुकानदाराचं पत्र मागितलं. दुकानदार आधी टाळत होता, कारण ॲक्टिव्हेशन त्यानंच केलेलं. शेवटी लेटरहेडवर 'हा फोन २ नोव्हेंबरला विकला' एवढं लिहून शिक्का दिला.

तरी हललं नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली आणि त्यांचा तक्रार क्रमांक कंपनीच्या ईमेलात टाकला. त्यानंतर मात्र कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि खरेदीची तारीख सिस्टिममध्ये दुरुस्त झाली. हे आधीच करायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण आपली लेखी तक्रार आणि कागद हातात असले की तिथं सांगायला सोपं जातं. यानंही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही.

डिस्प्ले फुकट बदलून मिळाला. जुना पार्ट वॉरंटीत कंपनीच ठेवून घेते, तो मागून मिळत नाही. नव्या पार्टला किती दिवसांची वॉरंटी आहे, ते मात्र जॉबशीटवर लिहून घ्या.

मधल्या काळात दाजींना कुणीतरी सांगितलं होतं की बाहेर दोन-अडीच हजारांत 'ओरिजिनलसारखा' डिस्प्ले मिळतो. मिळतो, पण तो टीएफटी कॉपी असतो. ओळखायचं असं: अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा फोटो उघडा. अमोलेड असेल तर स्क्रीन बंद असल्यासारखी काळीभोर दिसते, कारण काळ्या जागी उजेडच नसतो. टीएफटीला मागून दिवा असतो, त्यामुळं ती राखाडी उजळते. ज्या फोनला डिस्प्लेच्या आत फिंगरप्रिंट आहे, त्यात टीएफटी बसवली की ते चालत नाही. कॉपी जाड असल्यानं काच फ्रेमच्या वर आलेली बोटाला लागते. आयफोन ११ पासून पुढं हे सोपं आहे: बदललेल्या डिस्प्लेची नोंद सेटिंग्जमध्ये General, मग About मध्ये दिसते आणि पार्ट कंपनीचा नसेल तर `Unknown Part` असं येतं.

कॉपी बसवणं गुन्हा नाही. जुन्या फोनला आठ हजार घालणं परवडत नाही, तेव्हा मीही बसवतो, पण बिलावर 'कॉपी' असं लिहून. माझ्याकडं डिस्प्लेला तीन महिन्यांची वॉरंटी असते. त्यात टच बंद पडणं, रेघ, डाग येतात. काच फुटणं आणि पाणी जाणं येत नाही.

आणि नवीन फोन घेताना पैसे द्यायच्या आधी डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. डब्यावरचा आयएमईआय कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसली, तर दुसरा डबा मागा. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात.